मुद्द्यांतून गळलेला ‘पण’

पृथ्वीच्या केंद्राशी गुरुत्व त्वरणाचं, म्हणजे g चं, मूल्य किती असेल? गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावरचा हा प्रश्न मी दहावीच्या एका सराव परीक्षेत दोन गुणांसाठी घातला होता. पेपर तपासायला बसलो आणि एकामागून एक सारखीच उत्तरं समोर येऊ लागली. मुलांनी g = GM/r² हे सूत्र लिहिलं होतं, r च्या जागी शून्य ठेवलं होतं आणि शेवटी ‘g अनंत’ लिहून त्याभोवती चौकट आखली होती. एका मुलीने तर पहिल्याच ओळीत ‘खोली वाढली की g कमी होते’ असं बरोबर लिहिलं होतं आणि तीन ओळी खाली, खोली सगळ्यात जास्त असलेल्या ठिकाणी, तेच g अनंत करून टाकलं होतं. या दोन ओळी एकमेकींना खोटं पाडतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिची उजळणीची वही मागून घेतली. वही नीटनेटकी होती. ‘g मध्ये होणारे बदल’ या मथळ्याखाली तीन मुद्दे होते. उंची वाढली की g कमी. खोली वाढली की g कमी. ध्रुवांवर g जास्त, विषुववृत्तावर कमी. तिन्ही मुद्दे बरोबर होते. ते तिने पाठ केले होते, आणि फळ्यावर लिहून मीच ते दिले होते.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. बोर्डाच्या परीक्षेसाठी धड्याचे तयार मुद्दे लिहून देण्याची पद्धत आपण, म्हणजे शाळांनी, शिकवण्यांनी आणि पालकांनीही, सोडायला हवी. धडा आटवण्याचं काम मुलांच्या हातात द्यायला हवं आणि त्यासाठी वर्गातला वेळ काढायला हवा. असं का म्हणतो, ते याच तीन ओळींतून सांगतो.

पाठ्यपुस्तकात खोलीबद्दलचा जो परिच्छेद असतो, त्याचा आशय साधारण असा आहे. आपण जमिनीखाली उतरू लागलो की पृथ्वीच्या केंद्रापासूनचं आपलं अंतर कमी होतं. अंतर कमी झालं तर सूत्राप्रमाणे g वाढायला हवं. पण आता आपल्याला केंद्राकडे ओढणारं वस्तुमानही कमी झालेलं असतं, कारण आपल्या डोक्यावर राहिलेल्या कवचाच्या ओढीची सगळ्या बाजूंनी मिळून बेरीज शून्य होते आणि पायाखालचा लहान गोलच तेवढा आपल्याला ओढतो. या दोन्हींचा एकत्र परिणाम होऊन g कमी होतं. परिच्छेदाचा सगळा जीव त्या ‘पण’मध्ये आहे. मी फळ्यावर लिहिताना नेमका तोच गाळला. ‘खोली वाढली की g कमी’ एवढं उरलं. ते निकालापुरतं बरोबर, पण कारणापुरतं रिकामं होतं.

कारण हरवल्यामुळे काय झालं ते पाहा. उंचीचा मुद्दा आणि खोलीचा मुद्दा वहीत अगदी जुळ्या भावंडांसारखे दिसू लागले. दोन्हीकडे ‘वाढली’, दोन्हीकडे ‘कमी’. प्रत्यक्षात त्यांची कारणं वेगळी आहेत. उंचीवर गेल्यावर ओढणारं वस्तुमान तेवढंच राहतं आणि फक्त अंतर वाढतं, म्हणून पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर g एक चतुर्थांश होतं. खाली गेल्यावर अंतर आणि वस्तुमान दोन्ही घटतात, आणि वस्तुमान जास्त वेगाने घटतं. ज्या मुलीच्या वहीत हे नाही, तिने केंद्राचा प्रश्न आल्यावर हाताशी असलेलं एकमेव हत्यार, म्हणजे ते सूत्र, उचललं यात तिचा दोष नाही. M म्हणजे सगळी पृथ्वी धरायची की आतला गोल, हा प्रश्न तिला पडावा असं मी तिच्या वहीत काहीच ठेवलं नव्हतं.

धड्याचे मुद्दे काढताना आपली नजर ठळक टाइपातल्या संज्ञांवर जाते. अभिकेंद्री बल, गुरुत्व त्वरण, वस्तुमान, वजन, मुक्त पतन, मुक्तिवेग. या संज्ञा गळतील अशी भीती आपल्याला वाटते, पण त्या सहसा गळत नाहीत. गळतात ते लहान शब्द: पण, म्हणून, कारण, फक्त, जर, किमान. आणि ‘शास्त्रीय कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘असे झाले तर काय होईल’ या प्रश्नांचे गुण याच शब्दांवर उभे असतात.

मुक्त पतनाचंच घ्या. ‘वस्तू गुरुत्वीय बलामुळे खाली पडते त्याला मुक्त पतन म्हणतात’ असा मुद्दा मी कितीतरी वह्यांत वाचला आहे. व्याख्येत ‘फक्त गुरुत्वीय बलाच्या प्रभावाने’ असं असतं. तो ‘फक्त’ गेला की झाडावरून डुलत उतरणारं पानही मुक्त पतन करू लागतं आणि हवेचा विरोध कुठे मोजायचा हेच कळत नाही. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात माणसं तरंगतात, याचं कारण विचारलं की मुलं सर्रास ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ असं लिहितात. त्या उंचीवर g साधारण ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं, जमिनीवरच्या ९.८ पेक्षा थोडंसंच कमी. स्थानक आणि आतली माणसं दोन्ही फक्त गुरुत्वीय बलाखाली सतत पडत असतात, म्हणून माणसाचा भार स्थानकाच्या जमिनीवर येत नाही. ज्याच्या वहीत ‘फक्त’ हा शब्द अधोरेखित आहे, त्याला इथपर्यंत पोचायला वाट आहे.

यावर कुणी म्हणेल की मग शिक्षकांनीच चांगले मुद्दे काढून द्यावेत, ‘पण’ आणि ‘फक्त’सकट. मीही तसं करून पाहिलं आहे. फरक पडतो, पण कमी पडतो. तयार मुद्द्यातला ‘पण’ मुलाला इतर शब्दांइतकाच पाठ करायचा एक शब्द वाटतो. स्वतः धडा आटवताना मात्र त्याला ठरवावं लागतं की हे ठेवायचं की टाकायचं. ते ठरवण्यासाठी वाक्यांचं एकमेकांशी नातं काय, हे पाहण्यावाचून गत्यंतर नसतं. मुद्दे काढण्याचा खरा उपयोग तिथेच होतो. शेवटी जो कागद हाती उरतो, तो त्या मानाने दुय्यम.

इथे एक आक्षेप माझ्या बाजूविरुद्धच जातो आणि तो टाळून चालणार नाही. अभ्यासाच्या पद्धती कितपत उपयोगी पडतात याचा एक मोठा आढावा जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रंगीत पेनाने ओळी ठळक करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांना खालचा दर्जा मिळाला, ते अपेक्षितच होतं. पण सारांश काढण्यालाही खालचाच दर्जा मिळाला. वरचा दर्जा मिळाला तो स्वतःची चाचणी घेण्याला आणि अभ्यास दिवसांत विभागून करण्याला. मग मी मुलांना सारांशच काढायला का सांगतो आहे?

त्या आढाव्यातच याचं उत्तर आहे. ज्यांना सारांश काढता येतो त्यांना तो उपयोगी पडतो. अडचण अशी की बहुतेक मुलांना तो येत नाही आणि शिकवायला बराच वेळ लागतो. ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ मध्ये मुलं सारांश कसा करतात ते तपासलं होतं. अनावश्यक वाक्यं खोडणं लहान मुलांनाही जमत होतं. परिच्छेदाचा गाभा सांगणारं वाक्य पुस्तकात तयार नसेल तेव्हा ते स्वतः रचणं मात्र मोठ्यांनाही जड जात होतं. आपल्या वर्गात दिसतं ते हेच. ‘मुद्दे काढा’ म्हटलं की मुलं पुस्तकातली वाक्यं उचलतात आणि मधली मधली खोडतात. खोडण्यात आधी जातात ते जोडशब्द, कारण ते किरकोळ दिसतात. थोडक्यात, मुलांना मुद्दे काढायला लावून मोकळं होणं हाही उपाय नाही. ते काढायला शिकवावं लागतं, आणि त्या शिकवण्यात चाचणी गुंफावी लागते.

गुंफायची कशी, ते त्याच खोलीच्या परिच्छेदावर दाखवतो. वर्गात मी आता असं करतो. धडा एकदम आटवायला देत नाही, एका वेळी एकच उपमथळा घेतो. मुलं तो दोनदा वाचतात, हातात पेन न घेता. मग पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पाच मिनिटं पुरतात. पुस्तक मिटणं ही यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. पुस्तक उघडं असलं की नक्कल होते. ते मिटलं की सारांशाची आपोआप चाचणी होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण तोच उतारा आठवून लिहिणारे आठवड्यानंतर पुढे असतात. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

मग पुस्तक उघडायचं आणि दुसऱ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं भरायचं. हा दुसरा रंग मी सगळ्यात बारकाईने पाहतो. मुलाला काय आठवलं नाही याचा तो नकाशाच असतो. खोलीच्या परिच्छेदात जवळजवळ प्रत्येक वहीत दुसऱ्या रंगात ‘वस्तुमान पण कमी’ हे शब्द येतात. म्हणजे मी फळ्यावर जे गाळलं होतं, तेच मुलांच्याही आठवणीतून गळतं. फरक इतकाच की आता ते गळल्याचं त्यांना स्वतःला दिसतं.

शेवटी त्या उपमथळ्याचा एक मुद्दा करायचा, दोन-तीन ओळींचा. एका मुलाने केलेला मुद्दा माझ्या लक्षात राहिला आहे. ‘खाली गेलो → r कमी, म्हणून g वाढायला हवं. पण ओढणारा गोलही लहान → वस्तुमान जास्त घटतं → g कमी. केंद्रात ओढणारं काही उरत नाही, g = 0. (घनता सगळीकडे सारखी धरली.)’ यातला कंसातला भाग त्याने माझ्याशी वाद घालून मिळवला होता. वस्तुमान जास्तच घटतं हे कशावरून, असं त्याने विचारलं तेव्हा आम्ही आकडे घालून पाहिले. केंद्रापर्यंतच्या अर्ध्या वाटेवर r निम्मी होते. तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचं आकारमान एक अष्टमांश, म्हणून घनता सारखी असेल तर वस्तुमानही एक अष्टमांश. छेदातला r चा वर्ग एक चतुर्थांश. एक अष्टमांशाला एक चतुर्थांशाने भागलं की एक द्वितीयांश. म्हणजे अर्ध्या वाटेवर g निम्मं, ४.९. आता केंद्राशी शून्य हे त्याला पाठ करावं लागत नाही. आणि कंसातली अट हवीच, कारण खऱ्या पृथ्वीचा गाभा बाहेरच्या थरांपेक्षा बराच दाट आहे आणि तिथे g असं सरळ प्रमाणात घटत नाही. दहावीला एवढ्या खोलात जायची गरज नसते. पण आपण काय गृहीत धरलं ते मुद्द्यात लिहिलेलं असलं, तर दहावीत शिकलेलं अकरावीत खोटं ठरत नाही.

वहीच्या डाव्या समासात संज्ञा येतात. प्रत्येक संज्ञेसमोर व्याख्येचे शब्द, सूत्र, एकक आणि एखादी अट. मुक्तिवेगासमोर ‘किमान’ हा शब्द, v = √(2GM/R), पृथ्वीसाठी ११.२ किलोमीटर प्रति सेकंद, आणि ‘वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून नाही’. वजनासमोर न्यूटन, वस्तुमानासमोर किलोग्रॅम. एकक गाळलं तर उदाहरणातला अर्धा गुण जातो हे मुलांना माहीत असतं, तरीही आटवताना एककच आधी जातं, कारण ते शब्दासारखं दिसत नाही. आकृत्यांचंही तसंच. केप्लरच्या दुसऱ्या नियमाचं वाक्य पाठ असून ते समान क्षेत्रफळ आकृतीत दाखवता येत नाही, अशी मुलं मी दरवर्षी पाहतो. त्या नियमाचा मुद्दा आकृतीच असावा, नावं दिलेली, आणि वाक्य तिच्याखाली.

मुद्दा फार आटला की पुरेसा उरला, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. दोन दिवसांनी तो मुद्दा शेजारच्या बाकावरच्या मुलाला द्यायचा आणि त्यावरून तीन गुणांचं उत्तर लिहायला सांगायचं. त्याला उत्तर उभं करता आलं तर मुद्दा पुरेसा आहे. तो अडखळला तर जिथे अडखळला तिथला जोडशब्द गेलेला असतो. ‘खोली वाढली की g कमी’वरून तीन गुणांचं उत्तर कुणालाच उभं करता येत नाही. मलाही येणार नाही. उलट मुद्दा वाचून पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आठवत असेल तर काही आटलेलंच नाही, नुसती नक्कल झाली आहे.

आता वेळेचं. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम संपवायची घाई असताना, हे परवडत नाही असं सहकारी म्हणतात, आणि ते खोटं नाही. एका उपमथळ्याला जवळजवळ पूर्ण तास जातो. प्रत्येक धड्याचा प्रत्येक उपमथळा असा करणं मलाही जमत नाही. मी धड्यातले दोन किंवा तीनच निवडतो, जिथे कार्यकारणाची साखळी लांब आहे तेवढेच. बाकीच्यांच्या संज्ञांची यादी मी स्वतः देतो, छापून, प्रत्येक संज्ञेसमोर मोकळी जागा ठेवून. यादी देण्यात मला काही गैर वाटत नाही. कुठल्या संज्ञा महत्त्वाच्या हे पहिल्यांदा धडा वाचणाऱ्या मुलाने ओळखावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. संज्ञांची नावं शिक्षकाने द्यावीत, त्यांना जोडणारी वाक्यं मुलाने लिहावीत, अशी विभागणी मला न्याय्य वाटते.

‘हुशार मुलांचं ठीक आहे, पण मागे पडलेल्यांना तरी तयार मुद्दे द्या, निदान पास होतील’ हा आग्रह मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो कळकळीतून येतो. परीक्षेला आठ दिवस उरले असतील आणि मुलाने धडा उघडलाच नसेल, तर मीही तयार मुद्दे देतो. त्या आठ दिवसांत दुसरा इलाज नसतो. पण हे जूनपासूनचं धोरण होतं तेव्हा मागे पडलेल्या मुलालाच त्याची जास्त किंमत मोजावी लागते. हुशार मूल तयार मुद्द्यातली गाळलेली जागा मनातल्या मनात भरतं, कारण त्याने धडा वाचलेला असतो. ज्याने धडा वाचलेला नाही, त्याच्याजवळ भरायला काही नसतं. त्याच्यासाठी मुद्दा म्हणजेच धडा. आणि त्याच्याच हातात आपण ज्यातून कारण काढून घेतलं आहे असा कागद ठेवतो.

सगळ्या विषयांना हीच रीत लागू पडते असं नाही. गणितात मुद्दे काढून फारसं काही हाती लागत नाही, तिथे उदाहरणं सोडवावीत. कवितेचा सारांश मला पटतच नाही. इतिहासात मात्र हा रोग विज्ञानाइतकाच खोल आहे. तिथे सनावळी आणि नावं टिकतात आणि एका घटनेतून दुसरी का घडली तेवढं गळतं.

त्या मुलीला मी नंतर तोच परिच्छेद पुस्तक मिटून लिहायला दिला. पहिल्या वेळी तिने निळ्या पेनाने लिहिलं, ‘खाली गेल्यावर अंतर कमी होते म्हणून g कमी होते.’ वाक्य चुकीचं होतं, आणि यात ‘म्हणून’ कसा बसतो, अंतर कमी झाल्यावर g वाढायला नको का, हे तिनेच मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिने पुस्तक उघडलं, परिच्छेदावरून बोट फिरवत मधल्या ओळीपाशी थांबली आणि हिरवा पेन उचलून ‘म्हणून’ खोडलं.